काँकॉर्डने २.२ मॅकचा नाद का सोडला?

२९ नोव्हेंबर १९६२ला ब्रिटन आणि फ्रान्सने काँकॉर्डचा करार केला, तेव्हा डोळ्यांसमोर वेग होता २.२ मॅक, म्हणजे तिथल्या ध्वनिवेगाच्या २.२ पट. १९७६ला विमान सेवेत आलं ते मात्र २.०४ मॅकच्या आसपास उडायचं. या छोट्याशा कपातीमागचं एक मोठं कारण नाकाच्या टोकावर होतं.

विमानाच्या सापेक्ष पाहिलं, तर हवा वेगाने नाकाकडे येते आणि अगदी टोकावर थांबते. हा स्थिरता बिंदू. तिची गतिज ऊर्जा जाते कुठे? ती उष्णतेत बदलते. हे घर्षण नव्हे. हवा दाबली जाऊन थांबते म्हणून तापते. हवेसाठी सूत्र सोपं आहे:

T₀ = T (1 + 0.2 M²)

नाकापुढे आघात तरंग असतो, मग सूत्र चालेल का? चालतं. आघात तरंगात दाबाचं नुकसान होतं, पण एकूण ऊर्जा तीच राहते, म्हणून T₀ बदलत नाही.

आता आकडे घालू. काँकॉर्डच्या उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे २१७ केल्व्हिन. (सूत्रात केल्व्हिनच घालायचं, सेल्सियस घातलंत तर उत्तर उणे येईल, म्हणजे चूक लगेच कळेल.) २.२ मॅकला गुणक येतो १.९६८ आणि T₀ साधारण १५३ अंश सेल्सियस. २.०४ मॅकला गुणक १.८३ आणि T₀ साधारण १२४ अंश. वेग सात टक्क्यांनी कमी, तापमान जवळजवळ तीस अंशांनी खाली!

हे तीस अंश महत्त्वाचे, कारण विमानाचा सांगाडा मुख्यतः आरआर५८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा होता. असा धातू हजारो तास गरम राहून ताण सोसत राहिला, तर हळूहळू कायमचा ताणला जातो. याला क्रीप म्हणतात. तापमान उतरवलं की सांगाड्याचं आयुष्य वाढतं. त्याहून वेगात जायचं तर धातूच बदलावा लागतो. ३ मॅकपलीकडे जाणारं एसआर-७१ म्हणूनच मुख्यतः टायटॅनियमचं बनवलं.

काँकॉर्डच्या नाकासाठी मर्यादा ठरली १२७ अंश, म्हणजे ४०० केल्व्हिन. गंमत बघा: बाहेरची हवा प्रमाणापेक्षा पाचच अंशांनी उबदार, म्हणजे २२२ केल्व्हिन असेल, तर २.०४ मॅकला T₀ ४०६ केल्व्हिनवर जातं. मर्यादेत राहायचं तर वेग २ मॅकपर्यंत उतरवावा लागतो. म्हणजे वैमानिकाचा कमाल वेग त्या दिवशीची हवाही ठरवायची.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे तापमान फक्त टोकाचं आहे. मागच्या पृष्ठभागावर हवा पूर्ण थांबून तापत नाही तशी. तिथे सीमास्तरातलं घर्षण काम करतं आणि पत्रा टोकापेक्षा थंड राहतो. तरीही उड्डाणात सगळं विमान जवळपास वीतभर लांब व्हायचं.