सुपे 1875: केंद्र–परीघ सिद्धांत एका दंग्यावर तपासून पाहू

पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीहून भाजी पुण्याला गेली की तिचा भाव पुण्यात ठरतो. म्हणजे पुणे केंद्र आणि किकवी परीघ? इतकं सोपं नाही. इमॅन्युएल वॉलरस्टाइनने 1974 पासून जो विश्वव्यवस्था सिद्धांत मांडला, त्यात प्रश्न अंतराचा नाही. एकाच बाजाराने जोडलेल्या जगात जास्त नफ्याचं काम कुणाकडे आणि स्वस्त कच्चा माल पुरवायचं कुणाकडे, हा आहे. मधल्या पायरीला आपण निम-परीघ म्हणू.

आता उदाहरण बघा. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच यायचा, तो नाकेबंदीने अडला. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईच्या निर्यातदारांनी शहरातल्या सावकारांना उचल दिली, त्यांनी गावातल्या सावकारांना, आणि गावात कर्ज सहज मिळू लागलं. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मग पैसा त्याच साखळीने उलटा ओढला गेला. त्याच सुमारास दख्खनमध्ये जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा बराच वाढला.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. लिव्हरपूल त्यांना दिसत नव्हतं, दिसत होता तो साखळीतला शेवटचा माणूस. मुंबई मात्र मधल्या पायरीवर होती. लिव्हरपूलच्या भावापुढे ती हतबल होती, पण गावांसाठी उचल देणारी तीच.

इथवर सिद्धांत छान बसतो. इतका छान की मला तरी शंका येते. विज्ञान शिकलेल्या माणसाची ही खोड म्हणा. कापसाचा भाव पडला म्हणून दंगा झाला असेल, तर आधी खानदेश-वऱ्हाड पेटायला हवं होतं, कारण कापूस तिथला. सुप्याचा भाग कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा. तरी दंगे झाले ते मुख्यतः पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत.

म्हणजे बाजाराचा धक्का सुप्यात पिकातून नाही, कर्ज आणि साऱ्यातून पोचला असं धरावं लागतं. आणि त्यासाठी गावातल्या गोष्टी बघाव्या लागतात. रयतवारीत जमीन शेतकऱ्याच्या नावे होती, ती गहाण पडू शकत होती आणि दिवाणी कोर्ट सावकाराला हुकूमनामा देत होतं. रॉबर्ट ब्रेनरने 1977 मध्ये वॉलरस्टाइनवर घेतलेला आक्षेप इथेच येतो: व्यापार सगळीकडे पोचतो, पण तो कुणाला बुडवतो हे तिथले वर्गसंबंध ठरवतात. नील चार्ल्सवर्थने तर 1972 मध्ये हे दंगेच फुगवून सांगितले गेलेत असं लिहिलं.

माझा कौल अर्धा-अर्धा आहे. 1865 नंतर कर्ज का आटलं, हे विश्वव्यवस्था सांगते. पण वह्या सुप्यातच का जळाल्या, यासाठी दख्खन दंगे आयोगाचा अहवाल आणि फेरआकारणीची कागदपत्रं तालुकावार शेजारी ठेवून वाचावी लागतील.