उत्पादन-नामबदलाचा ईमेल

उत्पादनाचे जुने नाव करारांत यापुढे कसे वाचायचे आणि कोणत्या कलमांना हात लागणार नाही, हे ग्राहकाला कळवणारे पत्र. याचे ठळक उदाहरण बेंगळुरूच्या इन्फोसिस कंपनीचे. तिचे बँकिंग सॉफ्टवेअर आधी ‘बँक्स २०००’ या नावाने विकले जाई, पुढे ‘फिनॅकल’ आले. २०१५ मध्ये तो व्यवसाय एजव्हर्व्ह या उपकंपनीकडे गेला. पहिला बदल उत्पादनाच्या नावाचा, दुसरा करारातल्या पक्षाचा. नामबदलाच्या ईमेलने पहिले काम भागते, दुसरे भागत नाही. पक्ष बदलताना करार हस्तांतरित करावा लागतो, आणि त्याला ग्राहकाची संमती लागते का हे आधी करारात पाहावे लागते.

जुन्या करारांत शोधून नाव बदलून टाकावे, असे पुष्कळांना वाटते. पण सही झालेला दस्त एका पक्षाने परस्पर दुरुस्त करायचा नसतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे पक्षांनी जुन्याच्या जागी नवा करार केला, तर मूळ करार पाळण्याचे बंधन उरत नाही. म्हणून संपूर्ण करार नव्याने लिहून सह्या घेतल्या, तर जुनी थकबाकी आणि हमी कोणत्या कराराखाली येतात, हा वाद उभा राहू शकतो. त्याच कायद्याच्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या संमतीवाचून अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. त्यामुळे ईमेलचे मुख्य वाक्य वाचनाचा नियम सांगणारे असावे: ‘अमुक तारखेपासून करारात जेथे जुने नाव आहे, तेथे नवे नाव वाचावे, उत्पादन तेच आहे.’ त्याखाली किंमत, मुदत, सेवापातळी, दायित्वाची मर्यादा, बौद्धिक संपदा आणि न्यायक्षेत्र ही कलमे क्रमांकासह कायम असल्याचे लिहावे. ‘इतर अटी कायम’ एवढ्यावर भागवणे आळसाचे आहे. आधीची बिले व स्वीकृतिपत्रेही जुन्याच नावाने राहतात.

काही बदलतच नसेल तर ईमेल कशाला, असा आक्षेप येतो. उत्तर ‘उत्पादन तेच’ या शब्दांत आहे. नव्या नावाखाली कंपनी जादा मोड्यूलही विकत असेल, तर ग्राहक ती आपल्या शुल्कात मागू शकतो. उलट, जुन्या नावाचे उत्पादन संपले म्हणून देखभाल थांबवण्याची वाट विक्रेत्यालाही सापडते. यासाठी अनुसूचीतली आवृत्ती आणि मोड्यूलांची यादी नव्या नावाशी जोडावी लागते. दुसरा आक्षेप असा, की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मुळे ईमेलवरचा करारही वैध असतो, मग वेगळी सही कशाला? तो कायदा फक्त माध्यमामुळे करार अवैध ठरू देत नाही. दोन्ही पक्षांच्या सहीशिवाय दुरुस्ती नाही, असे करारातच लिहिले असेल, तर ईमेलसोबत एक पानाची पुरवणी जोडून ग्राहकाची सही घेणेच सुरक्षित.