वंशगट, जनगणनेतील

जनगणना-अर्जात लोकसंख्येच्या वांशिक नोंदीसाठी शासनाने ठरविलेले वर्ग (पहा : जनगणना, वंश). अमेरिकेत १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून गोऱ्यांची व गुलामांची गणना वेगळी होत असे. पुढे वंश प्रगणक ठरवीत. १९६० पासून बहुतांश कुटुंबे तो स्वतः नोंदवू लागली. वंशगटही बदलत गेले; तेथील भारतीयांच्या वर्गीकरणात हे बदल ठळक दिसतात. १९२० ते १९४० च्या अर्जांत त्यांचा वंश ‘हिंदू’ होता. शीख व मुसलमानही त्यातच मोडत. १९७० मध्ये त्यांची गणना गोऱ्यांत झाली. नागरी हक्क कायद्यांनंतर अल्पसंख्याकांसाठीच्या योजना जनगणनेतील वंशवार आकड्यांवर अवलंबून राहू लागल्या. भारतीय संघटनांच्या मागणीवरून १९८० मध्ये ‘आशियाई भारतीय’ हा पर्याय आला. २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदविता येतात. त्यामुळे आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही.