रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

आमच्या धंद्यात एक जुनी म्हण आहे, कचरा आत टाकला की कचराच बाहेर येतो. गेले दोन-तीन वीकेंड एका घुबडाच्या मागे लागलो होतो, आणि ही म्हण मला नव्याने कळली. घुबडाचं नाव रानपिंगळा. शहरात तारेवर बसतो तो साधा पिंगळा. हा त्याचा जंगलातला, अतिशय दुर्मिळ भाऊबंद.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या साहेबाला हा पक्षी आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूमने त्याला ब्लेविटचं नाव दिलं. मग जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब! जगभरच्या म्युझियममध्ये मिळून जेमतेम सात नमुने उरले, आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी: कुठे मिळाला, कधी मिळाला.

आता समजा, या चिठ्ठ्यांवरून 'हा पक्षी आणखी कुठे असू शकेल' याचा नकाशा बनवायचा आहे. यालाच स्पीशीज डिस्ट्रिब्युशन मॉडेलिंग म्हणतात. पक्षी जिथे सापडला तिथलं तापमान, पाऊस, उंची, जंगल बघायचं आणि तशाच जागा नकाशावर शोधायच्या. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात बायोक्लिम नावाच्या प्रोग्रॅमने हे कॉम्प्युटरवर सुरू केलं. २००४-०६ च्या सुमारास एटी अँड टी लॅब्समधल्या स्टीव्हन फिलिप्सने सहकाऱ्यांसोबत मॅक्सेंट आणलं, आणि आजही ते भरपूर वापरलं जातं.

पहिली गोची डेटातच आहे. चिठ्ठी सांगते की पक्षी इथे होता. 'इथे आठवडाभर शोधला, नाही मिळाला' अशी चिठ्ठी कुणी लिहीत नाही. म्हणजे आपल्याकडे फक्त 'हो' आहेत, 'नाही' एकही नाही. याला प्रेझेन्स-ओन्ली डेटा म्हणतात. मॅक्सेंट यावर तोडगा काढतं तो असा: प्रदेशातून हजारो रँडम जागा उचलायच्या आणि पक्ष्याच्या जागा त्यांच्यापेक्षा कशा वेगळ्या आहेत ते बघायचं. या रँडम जागांना बॅकग्राउंड म्हणतात. त्या 'नाही' नव्हेत, त्यातल्या काहींत पक्षी असूही शकतो.

दुसरं म्हणजे, डेव्हिडसनची नोकरी खानदेशात होती म्हणून नमुने खानदेशातले. मॉडेल बिचारं पक्ष्याची आवड शिकतंय की साहेबाची पोस्टिंग? यावर एक उपाय आहे. बॅकग्राउंडच्या जागाही अशाच निवडायच्या, जिथे त्या काळच्या लोकांनी इतर पक्षी गोळा केले होते. मग साहेबांचा कल दोन्हीकडे सारखाच येतो आणि बराचसा वजा होतो.

आणि तिसरं, चिठ्ठीच खोटी असली तर? रिचर्ड माइनर्त्सहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहातल्या रानपिंगळ्यावर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, तापीकाठ (आजचं गुजरात). शेवटची नोंद म्हणून ती महत्त्वाची ठरली आणि शोधणाऱ्यांची दिशाभूल करत राहिली. पामेला रासमुसेन यांनी हे नमुने नीट तपासले. एक्स-रे काढले, आतलं भरण बघितलं, शिवण बघितली. नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता! म्युझियममधून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला, वर खोटी चिठ्ठी. त्यांनी मांडवी यादीतून काढून टाकलं आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत खऱ्या पत्त्यांवर गेल्या. पूर्वेकडे काही मिळालं नाही. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. कॉम्प्युटर मॉडेल नव्हतं, फक्त डेटा क्लीनिंग होतं. सात ओळींतली एक चुकीची म्हणजे १४ टक्के डेटा गेला की हो!

आता प्रेडिक्टर, म्हणजे कोणते घटक मॉडेलला द्यायचे. वर्ल्डक्लिमसारख्या ठिकाणी हवामानाचे १९ थर आयते मिळतात, आणि सगळे टाकायचा मोह होतो. पण वार्षिक सरासरी तापमान आणि उन्हाळ्यातलं तापमान बऱ्याचदा हातात हात घालून चालतात. अशा दोन थरांत सहसंबंध ०.७ च्या वर गेला तर एकच ठेवावा, असा साधारण रिवाज. कोणता ठेवायचा हे मात्र पक्ष्याला विचारून ठरवायचं. रानपिंगळ्याला विरळ पानझडी जंगल, घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली आणि पकडायला सरडे-उंदीर लागतात. पाऊस त्याला थेट लागत नाही, जंगलामार्फत लागतो.

हा फरक पुस्तकी नाही. २०१४ साली रानपिंगळा चक्क मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात सापडला. तिथला पाऊस शहाद्याच्या कितीतरी जास्त. समजा आपण फक्त खानदेश-सातपुड्याच्या नोंदी आणि वार्षिक पाऊस एवढ्यावर मॉडेल बांधलं असतं, तर त्याने तानसाला बहुतेक काट मारली असती. आणि गंमत म्हणजे त्या मॉडेलचा स्कोअर उत्तम आला असता.

हा स्कोअर म्हणजे एयूसी. मूळ कल्पना रडारवाल्यांची: पडद्यावरचा ठिपका विमान आहे की नुसता गोंधळ? तिथून ती वैद्यकात गेली, आणि १९९७ मध्येच (योगायोग बघा) फील्डिंग आणि बेल यांनी पर्यावरणवाल्यांना तिची शिफारस केली. अर्थ सोपा आहे. एक पक्ष्याची जागा आणि एक बॅकग्राउंडची जागा उचला. मॉडेलने पक्ष्याच्या जागेला जास्त गुण देण्याची शक्यता किती, तो एयूसी. नाणं उडवलं तरी ०.५ येतो.

करूनच बघू. पक्ष्याच्या चार जागांना मॉडेलने गुण दिले ०.९, ०.७, ०.६, ०.३. बॅकग्राउंडच्या पाच जागांना ०.८, ०.५, ०.४, ०.२, ०.१. एकूण जोड्या २०. ०.९ पाचही जिंकतो, ०.७ चार, ०.६ चार, ०.३ दोन. पंधरा भागिले वीस, म्हणजे ०.७५. ठीकठाक.

आता एक चलाखी. नकाशा मोठा करा आणि लडाख, थरच्या वाळवंटातल्या आणखी पाच जागा बॅकग्राउंडमध्ये घ्या. त्यांना गुण ०.०१. जोड्या झाल्या ४०, जिंकलेल्या १५ अधिक २०, म्हणजे ३५. एयूसी ०.८७५! मॉडेलला हातही लावला नाही. रानपिंगळा लडाखमध्ये नाही, एवढंच 'ज्ञान' वाढलं. २००८ मध्ये लोबो आणि सहकाऱ्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं. २०१८ मध्ये फूरकाड आणि मंडळींनी तर हवामानाच्या थरांऐवजी प्रसिद्ध चित्रांचे रंग प्रेडिक्टर म्हणून घातले, आणि तरीही बऱ्याच मॉडेलचे स्कोअर चांगले आले.

मग विश्वास कसा ठेवायचा? बॅकग्राउंड तेवढ्याच प्रदेशातून घ्या जिथे पक्षी खरंच पोहोचू शकला असता. आणि तपासणीच्या नोंदी रँडम काढू नका, कारण शेजारशेजारच्या नोंदी म्हणजे फुटलेला पेपर. एक अख्खा भाग बाजूला ठेवा: सातपुड्यावर शिकवा, तानसावर परीक्षा घ्या. तिथे गुण घसरले तर समजायचं, मॉडेलने पक्षी नाही, जिल्हा पाठ केलाय.

एयूसी मांडवी पकडू शकत नाही. खोटी नोंद तपासणीच्या यादीत असली तर मॉडेलने मांडवीला जास्त गुण दिल्याबद्दल तो उलट शाबासकीच देईल. ती पकडायला कुणीतरी कपाट उघडून शिवण बघावी लागते.

असो. चहा थंड झाला, उद्या सोमवार.