कनिष्ठ डॉक्टरची मुलाखत : रात्रीचा एक रुग्ण, तीन कसोट्या

रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टरच्या मुलाखतीत रुग्णचर्चा, वैद्यकीय नीतिमत्ता आणि रात्रपाळीची तयारी या तीन गोष्टी पाहिल्या जातात. एकच प्रसंग समोर ठेवून तिन्हींची परीक्षा घेता येते.

लोणावळ्यातील तुंगार्लीचे उदाहरण घेऊ. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथून जवळून जातो. समजा, परीक्षकांनी विचारले : पावसाळ्यात रात्री दोन वाजता अपघातातील एका तरुणाला वाटसरूने आणून सोडले. श्वास वेगाने चालू आहे, छातीच्या डाव्या बाजूला श्वासाचा आवाज नाही, मानेच्या शिरा फुगल्या आहेत आणि वरचा रक्तदाब ८० आहे. प्रथम काय कराल?

‘एक्स-रे काढू’ या उत्तरावर अनेक उमेदवार अडकतात. ही लक्षणे छातीत दाबाखाली हवा साठल्याची, म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्सची आहेत. त्याचे निदान तपासणीनेच करायचे असते. एक्स-रेची वाट पाहताना रुग्ण दगावू शकतो. मान स्थिर ठेवून श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू देणे, सुईने हवा बाहेर काढणे आणि नंतर छातीत नळी घालणे, हा योग्य क्रम होय. हवा निघताच श्वास सुलभ झाला व रक्तदाब वाढला, तर निदान बरोबर ठरते. रक्तदाब वाढला नाही, तर पोटात किंवा कटिभागात रक्तस्राव आहे का, हे शोधावे लागते.

पुढचा प्रश्न नीतिमत्तेचा असतो. नातेवाईक नाहीत, अनामत रक्कम भरलेली नाही, पोलीस आलेले नाहीत. उपचार थांबवाल का? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे व पोलिसी सोपस्कार त्याआड येऊ नयेत. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर तातडीचा उपचार करून त्याची कारणे व वेळ नोंदवावी. पोलिसांना कळवावे, मात्र मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाटसरूवर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

शेवटी रात्रपाळी. येथे नुसते ‘हो, चालेल’ हे उत्तर अपुरे ठरते. रात्री एकट्यानेच काम करायचे आहे का, बोलावल्यास शल्यचिकित्सक किती वेळात पोहोचतात, रक्त कोठून येते, पुण्याला रुग्ण हलवताना सोबत कोण जाते आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळते का, हे उमेदवाराने विचारावे. छातीत नळी घालण्याचा अनुभव नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. मुलाखतीत झाकलेली ही उणीव रात्री दोन वाजता रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.