पाऊस एकच, मग एकाला भीती आणि दुसऱ्याला मजा का वाटते?

जुलैमधला शनिवार. कळंबच्या आसपास दुपारपासून पाऊस धरलाय. नेरळला लोकलमधून उतरून आलेला चोवीस वर्षांचा एक मुलगा धबधब्याच्या वाटेवर उभा आहे. आभाळ गडगडतं आणि त्याच्या तोंडून आपोआप ओरडणं निघतं, "अरे, भारी!" मोबाइल बाहेर येतो आणि रील सुरू होतं.

तिथून जवळच, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत एक बाई चुलीपाशी बसली आहे. तोच गडगडाट तिच्याही कानावर येतो. ती उठते, दारात जाते, घरामागच्या उताराकडे बघते आणि मुलांना आत बोलावते.

दोघांच्याही छातीत धडधड वाढली आहे, दोघांचेही कान टवकारले आहेत. तरी एकाच्या मनात उत्साह आहे आणि दुसरीच्या मनात भीती. (ही दोन माणसं आपण समजण्यासाठी घेतली आहेत. पण कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी अशी जोडी सापडेल.)

असं का होतं, याचं मानसशास्त्रातलं एक भक्कम उत्तर म्हणजे 'अप्रेझल थिअरी'. ऑफिसात पगारवाढीच्या वेळी होतं ते अप्रेझल इथे अभिप्रेत नाही, पण अर्थ तोच आहे, मूल्यमापन. भावना घटनेतून थेट येत नाही, आपण त्या घटनेचं जे मूल्यमापन करतो त्यातून येते, असं ही थिअरी सांगते.

ही कल्पना आली कुठून?

मॅग्डा अरनॉल्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० मध्ये ही कल्पना नीट मांडली. समोर आलेली गोष्ट आपल्यासाठी चांगली की वाईट, हे मन क्षणात जोखतं आणि मग भावना उठते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे अमेरिकेतल्या रिचर्ड लॅझारस यांनी ते प्रयोगातून तपासलं.

लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६४ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना एक अंगावर येणारी फिल्म दाखवली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या एका विधीत किशोरवयीन मुलांच्या शरीरावर शस्त्र चालवलं जातं, त्याचं ते चित्रण होतं. चित्र सगळ्यांना तेच दाखवलं, पण मागचा आवाज वेगवेगळा ठेवला. एका गटाला ऐकवलेलं निवेदन वेदना आणि धोक्यावर भर देणारं होतं. दुसऱ्या गटाच्या निवेदनात हा आनंदाचा सोहळा आहे, त्रास फारसा होत नाही, असा सूर होता. तिसऱ्या गटाला अभ्यासकाच्या कोरड्या भाषेतलं वर्णन ऐकवलं. चौथ्या गटाने फिल्म निवेदनाशिवाय पाहिली.

बघणाऱ्यांच्या त्वचेवर ताणाचं मोजमाप चालू होतं. ताण आला की हाताला बारीक घाम येतो आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, ते यंत्रावर दिसतं. वेदनेवर भर देणारं निवेदन ऐकणाऱ्यांचा ताण वाढला, तर सोहळ्याचं आणि अभ्यासकाचं निवेदन ऐकणाऱ्यांचा कमी राहिला. पडद्यावरचं दृश्य एकच असूनही अर्थ बदलला की शरीराची प्रतिक्रियाही बदलत होती.

मन नेमकं काय जोखतं?

वेगवेगळे संशोधक याची वेगवेगळी यादी देतात. भीती आणि उत्साह यांतला फरक कळण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. ते आपल्या दोघांना लावून बघू.

पहिला प्रश्न, याचा माझ्याशी संबंध आहे का? दोघांचंही उत्तर 'हो' आहे. म्हणून दोघांचीही धडधड वाढली. कर्जत स्टेशनवर छपराखाली वडापाव खात बसलेल्या माणसाचं उत्तर 'नाही' असेल, तर त्याला त्या गडगडाटाचं काहीच वाटणार नाही.

दुसरा, हे मला हवं त्या दिशेने जातंय की उलट? मुलगा पाऊस बघायलाच आलाय. पाऊस वाढला की त्याला हवं ते जास्त मिळतं. बाईला घर, मुलं आणि गुरं सुखरूप हवी आहेत, आणि वाढणारा पाऊस त्याच्या आड येतो.

तिसरा, पुढे काय होणार याची खात्री किती? मुलाच्या डोक्यात गोष्ट पूर्ण आहे. भिजायचं, फोटो काढायचे, संध्याकाळची लोकल पकडायची. बाईला मात्र ठाऊक नाही की हा पाऊस तासात थांबेल की रात्रभर लागेल, आणि उतारावरची माती किती पाणी धरेल.

चौथा, जे होईल ते मला पेलेल का? लॅझारस याला दुय्यम मूल्यमापन म्हणत. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचं नव्हे, उलट भीती आणि उत्साह यांची फारकत बहुतेक वेळा इथेच होते. मुलाला वाटतं, आवडलं नाही तर निघून जाऊ. बाईला रात्री अंधारात, लहान मुलांना घेऊन, चिखलाच्या वाटेने निघून जाणं सोपं नाही.

थोडक्यात, 'महत्त्वाचं आहे, हवंसं आहे आणि पेलेल' या उत्तरांतून उत्साह येतो. 'महत्त्वाचं आहे, नकोसं आहे, काय होईल माहीत नाही आणि पेलणार नाही' या उत्तरांतून भीती येते.

हे प्रश्न आपण वही घेऊन सोडवत नाही. बहुतेक वेळा हे सगळं कळायच्या आत होऊन जातं, आपल्याला फक्त शेवटची भावना जाणवते.

म्हणजे तो धाडसी आणि ती भित्री?

नाही. याच बाईला दीड महिना मागे, जूनच्या सुरुवातीला बघा. राबात भाताचं बी टाकलंय आणि आभाळ कोरडं आहे. अशा वेळी तोच गडगडाट ऐकून ती खूश होते, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा वेगळं असतं. बाई तीच, तिचा स्वभावही तोच.

मुलाचंही तसंच. अर्ध्या तासाने तो परतायला निघतो. येताना घोट्याएवढं असलेलं ओढ्याचं पाणी आता मांडीपर्यंत आलंय, गढूळ झालंय, त्यातून काटक्या वाहताहेत आणि मोबाइलला रेंज नाही. आता 'पेलेल का' या प्रश्नाचं उत्तर बदललं आणि त्याच पावसाची त्याला भीती वाटू लागली.

आणखी एक शक्यता आहे. समजा बाईला वाटलं की घरामागचा डोंगर कुणीतरी बेफाम खोदल्यामुळे हा धोका आलाय. मग मनात पाचवा प्रश्न येतो, 'हे कुणामुळे झालं?' दोष देण्याजोगा माणूस सापडला की भीतीच्या जागी किंवा भीतीसोबत राग येतो.

इर्शाळवाडीनंतर पाऊस वेगळा का ऐकू येतो?

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर चढून जावं लागलं. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने तेव्हा सांगितलं.

आता हे चार प्रश्नांच्या नजरेतून बघा. अशी घटना जवळच्या तालुक्यात घडते तेव्हा उतारावर राहणाऱ्या माणसाची पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं बदलतात. 'दरड दुसरीकडे पडते' हे आता म्हणता येत नाही, आणि 'आपलं गाव यादीत नाही' या वाक्याचा आधारही सुटतो. आवाज तोच राहतो, पण त्याचा अर्थ बदलतो.

म्हणून त्या बाईला "उगाच घाबरू नका, सकारात्मक विचार करा" म्हणणं चुकीचं आहे. तिचं मूल्यमापन बरोबर असू शकतं. जमिनीला नवी भेग पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं ही दरडीची खरी लक्षणं आहेत. ती दिसत असतील तर भीती योग्य कामच करतेय. अशी भीती कमी होते ती चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्षात बदलल्यावर, म्हणजे वेळेवर इशारा मिळाला, रात्रीही चालता येईल अशी वाट असली, सुरक्षित जागी घर मिळालं की.

मुलाच्या उत्साहालाही हेच लागू होतं. उत्साह वाटतोय याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. 'पेलेल' हे उत्तर त्याच्या मनाने दिलंय, ओढ्याने नव्हे. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहून येणं आणि वरून घोंघावणारा आवाज येणं ही पाणी वाढत असल्याची लक्षणं आहेत. ती दिसली की रील बंद करून लगेच ओढ्यापासून लांब, उंच जागी जायचं, आणि पाणी चढलेलं असेल तर ते ओलांडायचं नाही.

मग मूल्यमापन बदलून काही फायदा होतो का?

होतो, पण जिथे खरा धोका नाही तिथे. अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसांसमोर कॅरिओके गाण्याआधी काहींनी 'मी उत्साहात आहे' असं म्हटलं, काहींनी 'मला टेन्शन आलंय' असं म्हटलं. पहिल्या गटाचं गाणं जास्त अचूक झालं. त्यांची धडधड मात्र कमी झाली नव्हती. तिला दिलेलं नाव बदललं होतं. इंटरव्ह्यू, तोंडी परीक्षा किंवा स्टेजवरचं भाषण असेल तर हे करून बघता येईल.

या थिअरीच्या मर्यादा काय?

मोठा आक्षेप रॉबर्ट झायोन्क यांनी १९८० मध्ये घेतला. आवड-नावड विचाराआधीच उमटू शकते, असं त्यांनी म्हटलं. त्यावर त्यांचा आणि लॅझारस यांचा पुढची काही वर्षं जाहीर वाद चालला. मूल्यमापन म्हणजे सावकाश केलेला विचार नव्हे, ते नकळतही होतं, असं लॅझारस यांचं उत्तर होतं. पण टीकाकार विचारतात, की सगळंच नकळत होत असेल तर ते तपासायचं कसं?

फोबियातही अडचण दिसते. पाल काही करत नाही हे पक्कं माहीत असूनही काहींचा थरकाप होतो. म्हणजे डोक्याला पटलेलं उत्तर आणि आतून आलेलं उत्तर वेगळं असू शकतं, आणि नुसत्या समजावण्याने आतलं बदलत नाही.

तरी रोजच्या जगण्यात ही थिअरी एक गोष्ट सोपी करते. पुढच्या वेळी कुणाची भीती तुम्हाला फालतू वाटली, तर "एवढं काय घाबरायचं?" असं विचारण्याआधी त्या माणसाचं चौथ्या प्रश्नाचं उत्तर काय असेल ते बघा. धबधब्याखालून तो मुलगा संध्याकाळच्या लोकलने घरी जातो. बाईला मात्र ती रात्र त्याच उताराखाली काढायची असते.