१०२ फॅरनहाइट ताप म्हणजे किती सेल्सिअस? सूत्र, ३२ मागचं कारण आणि नेहमी होणारी चूक

मे महिन्यातली दुपार. जालन्यातल्या एका घरात टीव्हीवर बातमी चालू आहे, आज पारा ४२ अंशांवर. आतल्या खोलीत धाकट्या भावाला ताप आलाय आणि काखेतून काढलेला थर्मामीटर १०२ दाखवतोय. आठवीतली ताई विचारते, "बाहेर ४२ आणि याच्या अंगात १०२? मग हा उन्हापेक्षा दुपटीने जास्त तापलाय का?"

प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, पण अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. आपल्याकडे हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये सांगतात आणि अंगातला ताप मात्र घरोघरी अजून फॅरनहाइटमध्येच मोजतात. "शंभरच्या वर ताप आहे" असं आजी म्हणते तेव्हा तिच्या मनात फॅरनहाइटच असतं. म्हणजे ४२ आणि १०२ हे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आकडे झाले. एक एकाच पट्टीवर आणल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही.

पट्टी बदलायचं नेमकं सूत्र असं:

```
C = (F − 32) × 5/9
```

यात F म्हणजे फॅरनहाइटमधला आकडा आणि C म्हणजे सेल्सिअसमधला. हे अंदाजाचं सूत्र नाही, पूर्ण अचूक आहे. उत्तरात चूक आली तर ती सूत्राची नसते, आपल्या गणिताची किंवा थर्मामीटरची असते.

३२ का वजा करायचे आणि ५/९ कुठून आले?

सूत्र पाठ करण्याआधी हे समजून घ्या, म्हणजे परीक्षेत ५/९ की ९/५ असा गोंधळ होणार नाही.

दोन्ही पट्ट्यांवर दोन खुणा पाहू. पहिली, बर्फ वितळतो ती. सेल्सिअसवर तिथे ० लिहिलंय, फॅरनहाइटवर ३२. दुसरी, पाणी उकळतं ती. सेल्सिअसवर १००, फॅरनहाइटवर २१२. (उकळण्याची ही खूण समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाची आहे. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० च्या दीडेक अंश आधीच उकळायला लागतं. सूत्रात त्याने काही फरक पडत नाही.)

आता या दोन खुणांमधलं अंतर मोजा. सेल्सिअसवर ते १०० घरांचं आहे. फॅरनहाइटवर २१२ वजा ३२, म्हणजे १८० घरांचं. अंतर तेच, पण एका पट्टीवर त्याचे १०० तुकडे केलेत आणि दुसरीवर १८०. म्हणून फॅरनहाइटचा एक अंश सेल्सिअसच्या एका अंशापेक्षा लहान आहे. १८० फॅरनहाइट घरांना १०० सेल्सिअस घरं, म्हणजे ९ घरांना ५. आपले ५/९ ते हेच.

आणि ३२? फॅरनहाइटची पट्टी बर्फाच्या खुणेपाशी ० पासून सुरू होत नाही, तिथे ती ३२ वर असते. म्हणून आधी ते ३२ काढून टाकायचे, म्हणजे बर्फाच्या खुणेपासून आपण किती फॅरनहाइट घरं वर आलो ते कळतं. मग त्या घरांची सेल्सिअस घरं करायची. हा क्रम उलटा चालत नाही. आधी वजाबाकी, मग गुणाकार. सूत्रातला कंस तेवढंच सांगतो.

३२ हा विचित्र आकडा आला कुठून, असंही मुलं विचारतात. डॅनियल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा बर्फ आणि क्षार यांचं मिश्रण जिथवर थंड होतं तिथे ० धरलं होतं. नुसतं बर्फाचं पाणी त्याहून कमी थंड असतं, ते ३२ वर आलं. अँडर्स सेल्सिअस यांची पट्टी १७४२ ची. त्यात आधी पाणी उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० होते! ती नंतर उलटी करून आजची झाली.

आता १०२ करून पाहू

पहिली पायरी, १०२ मधून ३२ वजा. उरले ७०.

दुसरी पायरी, ७० गुणिले ५. झाले ३५०.

तिसरी पायरी, ३५० भागिले ९. उत्तर ३८.८८८... असं संपतच नाही. थर्मामीटर एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवतो, म्हणून आपणही तिथेच थांबायचं. दुसरा ८ हा पाचापेक्षा मोठा आहे, म्हणून ३८.९ लिहायचं. पुष्कळ मुलं पुढचे आकडे नुसते तोडून ३८.८ लिहितात, ते चूक.

तर भावाला ३८.९ अंश सेल्सिअस ताप आहे आणि बाहेर ४२ आहे. म्हणजे ऊनच त्याच्या अंगापेक्षा जास्त तापलेलं आहे. ताईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते तिला वाटलं होतं त्याच्या नेमकं उलट निघालं.

उत्तर बरोबर आहे का ते तपासायला उलटं जा. ३८.९ गुणिले ९, भागिले ५, येतात ७०.०२. त्यात ३२ मिळवले की १०२.०२. वरचे दोन शतांश आपण ३८.९ करताना आलेत, बाकी हिशेब जुळला.

मोबाइलवर ८४ कसं आलं?

हेच गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर असं टाइप करून पाहा:

```
102-32*5/9
```

उत्तर येईल ८४.२२. कारण मोबाइल गणिताचे नियम पाळतो. तो गुणाकार-भागाकार आधी करतो, ३२ चे ५/९ म्हणजे १७.७८ काढतो आणि ते १०२ मधून वजा करतो. आपल्याला हवं होतं ते वेगळंच. कंस घालून लिहिलं की बरोबर येतं:

```
(102-32)*5/9
```

गंमत अशी की दुकानात गल्ल्याजवळ असतो त्या साध्या कॅल्क्युलेटरवर पहिल्याच क्रमाने बटणं दाबली तर बहुतेक वेळा ३८.८८ येतं, कारण तो बिचारा डावीकडून उजवीकडे जसं येईल तसं करत जातो. एकाच क्रमाची बटणं आणि दोन उत्तरं. मशीनवर विसंबू नका, कंस घाला.

चूक झाली हे ओळखायचं कसं? ८४ अंश सेल्सिअस म्हणजे उकळीच्या जवळ आलेलं चहाचं आधण. माणसाचं अंग तिथे जाऊच शकत नाही. तापाचं उत्तर साधारण ३५ ते ४२ च्या बाहेर आलं तर आधी गणित पुन्हा करा, मग थर्मामीटर पुन्हा लावा.

'तीस वजा करा, निम्मे करा' ही युक्ती तापाला लावू नका

रील्समध्ये आणि फॉरवर्डमध्ये एक सोपी युक्ती फिरते. फॅरनहाइटमधून ३० वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा, झालं सेल्सिअस. आपल्या १०२ ला लावून पाहा. १०२ वजा ३०, ७२. त्याचं निम्मं, ३६.

३६ अंश सेल्सिअस! म्हणजे ताप नाहीच. मूल फणफणलंय आणि युक्ती सांगतेय की सगळं ठीक आहे. १०४ ला तर ती बरोबर ३७ दाखवते, नेहमीच्या निरोगी अंगाचा आकडा. खरं उत्तर आहे ४०.

असं का होतं? ही युक्ती ५० फॅरनहाइटला तंतोतंत जुळते, दोन्हीकडून १० येतं. तिथून जसजसं वर जाल तसतशी ती मागे पडते, दर १८ फॅरनहाइटमागे एक अंश. थंड देशातल्या हवेचा अंदाज घ्यायला ती चालेल. पण तापात अर्धा-पाऊण अंशही महत्त्वाचा असतो, आणि तिथे ती जवळजवळ तीन अंश खाते.

तोंडीच करायचं असेल तर याहून चांगली रीत आहे. ३० नाही, पूर्ण ३२ वजा करा. उरलेल्याचं निम्मं करा. मग त्या निम्म्याचा दहावा भाग त्यात मिळवा, आणि त्या दहाव्याचाही दहावा भाग मिळवा. १०२ साठी ७०, निम्मे ३५, दहावा भाग ३.५, त्याचा दहावा ०.३५. बेरीज ३८.८५. खऱ्या उत्तरापासून अर्ध्या दशांशाच्याही आत! असेच दहावे भाग मिळवत राहिलात तर ३८.८८८... कडेच जाता, कारण ५/९ म्हणजे ०.५ अधिक ०.०५ अधिक ०.००५ अशी न संपणारी बेरीजच आहे.

किंवा एकच जोडी लक्षात ठेवा, १०४ म्हणजे ४०. तिथून ९ फॅरनहाइट खाली उतरलात की ५ सेल्सिअस खाली, म्हणजे ९५ ला ३५. आपले १०२ हे १०४ च्या दोन घरं खाली. दोन घरांचे ५/९ म्हणजे १.१. चाळीसातून १.१ गेले, ३८.९.

याच हिशेबात आणखी एक फसगत दडलेली आहे. औषध दिल्यावर ताप १०२ वरून १०० वर आला, म्हणजे दोन अंश उतरला. सेल्सिअसमध्ये किती उतरला? सूत्रात F च्या जागी २ घातलं तर उणे १६.७ येतं, आणि मूल बर्फ व्हायला हवं! इथे ३२ वजा करायचेच नसतात. ३२ हा पट्टी कुठून सुरू होते त्याचा हिशेब आहे, आणि उतार मोजताना सुरुवात कुठून झाली याला काही अर्थ नसतो. नुसतं ५/९ ने गुणायचं. दोन फॅरनहाइट म्हणजे १.१ सेल्सिअस.

राहता राहिला ९८.६ हा आकडा. ९८.६ वजा ३२ म्हणजे ६६.६, गुणिले ५ म्हणजे ३३३, भागिले ९ म्हणजे बरोबर ३७. नि:शेष भाग जातो तो योगायोग नाही. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये निरोगी अंगाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं, आणि ९८.६ हे त्याचंच रूपांतर आहे. ३७ हा गोल आकडा होता. फॅरनहाइट करताना त्याला '.६' चिकटलं आणि तो उगाच फार काटेकोर वाटू लागला. म्हणून थर्मामीटरवर ९८.२ किंवा ९८.९ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, निरोगी माणसाचाही आकडा दिवसभरात इतका खालीवर होतो. डॉक्टर सहसा ताप धरतात तो १००.४ पासून. त्याचे सेल्सिअस किती होतात ते वहीत करून पाहा. तेही गोल आकड्यातच येईल.